२० तारखेची मुलाखत: वेळ बदलून मागण्याचं एक प्रकरण

मंगळवार, २० जानेवारी, दुपारी ३ वाजता. ठिकाण चाकण एमआयडीसीतला, वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना. जागा सीनिअर अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची. उमेदवार पुण्यात कर्वे रस्त्याजवळच्या एका सीए फर्ममध्ये सहा वर्षं जीएसटीचं काम बघते. फोन आला गुरुवारी, १५ तारखेला संध्याकाळी, ती बसची वाट बघत उभी असताना. एचआर मॅडम म्हणाल्या, "मंगळवारी तीनला या, सर त्या दिवशी प्लांटला असतात." हिने "हो मॅडम, येते" म्हणून फोन ठेवला. घरी पोचल्यावर मेलमध्ये आलेलं निमंत्रण उघडलं, तेव्हा वाराच्या शेजारचा आकडा डोळ्यांत भरला.

दर महिन्याच्या २० तारखेला आधीच्या महिन्याच्या जीएसटीचा रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-३बी, भरायची मुदत संपते. ज्यांनी हे काम केलंय त्यांना त्या दिवशी दुपारी तीन वाजता ऑफिसात काय चाललेलं असतं ते सांगायला नको. (हे प्रकरण नमुन्याचं आहे. या क्षेत्रात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका उमेदवाराभोवती जुळवल्या आहेत, कुणा एका व्यक्तीची ही हकिगत नाही.)

आधी प्रश्न वेगळाच

वेळ बदलून मागायची की नाही, हे ठरवण्याआधी आड काय येतंय ते नेमकं बघावं लागतं. "ऑफिसात काम आहे" एवढ्यावर निर्णय घेतला तर दोन्हीकडून चूक होऊ शकते: सरकू शकणाऱ्या कामासाठी मुलाखत हलवली जाते, नाहीतर न सरकणारं काम अर्धवट टाकून माणूस मुलाखतीला जातो आणि तिथं बसल्या बसल्या खिशातला फोन थरथरत राहतो.

उमेदवाराने रात्री वहीत मांडणी केली. तिच्याकडे ३८ नोंदण्यांचे मासिक रिटर्न. खरेदीवर भरलेल्या कराचा तक्ता, म्हणजे जीएसटीआर-२बी, पोर्टलवर १४ तारखेला तयार होतो, म्हणजे खरेदीवरची वजावट जुळवायला हातात असतात ते १४ ते २० एवढेच दिवस, आणि त्यात यंदा एक रविवार. सोमवार संध्याकाळपर्यंत २५ रिटर्न नक्की होतील असा तिचा अंदाज. उरलेले १३ मंगळवारीच, कारण ते अशिलांच्या पैशांवर अडलेले. लहान व्यापारी कराची रक्कम शेवटच्या दिवसापर्यंत हातात ठेवतो. सकाळी चलन भरतो, ते पोर्टलवरच्या त्याच्या खात्यात, कॅश लेजरला, जमा झाल्यावरच रिटर्न पुढे जातो. त्या १३ पैकी ४ कंपन्या, त्यांना डीएससी, म्हणजे डिजिटल सही, लागते, आणि तिचे यूएसबी टोकन ऑफिसच्या कपाटात कुलपात. बाकी ९ जणांचा ओटीपी अशिलाच्या मोबाइलवर येतो. फोन करून विचारायचा आणि मुदत संपायच्या आत टाकायचा. त्यात २० तारखेला दुपारनंतर पोर्टलची गती काय होते, ते सर्वश्रुत आहे.

दुसरं कुणी करेल का? फर्ममधला आर्टिकल, म्हणजे सीएचं प्रशिक्षण घेणारा मुलगा, परीक्षेच्या रजेवर होता, कारण सीए इंटरमीजिएटची परीक्षा आता जानेवारीतही असते. उरले स्वतः फर्मचे सर, आणि त्यांच्याकडे त्यांचे वेगळे अशील.

रिटर्न उशिरा गेला तर पैशांत फार मोठं नुकसान होतं असंही नाही. कर देणं असलेल्या रिटर्नला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. एका दिवसाचं व्याज मोजलं तर किरकोळ. पण ते शुल्क अशिलाच्या खात्यात दिसतं आणि त्याचा फोन सरांना जातो. शिवाय नोटीस पिरियडमध्ये दोन महिने याच सरांसोबत काढायचे आहेत.

मग मुलाखतीचा हिशेब. कर्वे रस्त्यावरून चाकणला नाशिक महामार्गाने जायचं, म्हणजे भोसरी आणि मोशीची गर्दी धरून दीड तास हाताशी ठेवायला हवा. मुलाखत तासाभराची असली तरी गेटवर नोंद, रिसेप्शनला थांबणं, आणि परत येताना संध्याकाळची शिफ्ट सुटलेली. थोडक्यात दुपारी एकला निघालेला माणूस संध्याकाळी साडेसहाच्या आधी ऑफिसात दिसत नाही. हीच मुलाखत पाऊण तासाची आणि व्हिडिओवर असती, तर सकाळी साडेआठची वेळ मागून तोच दिवस साधता आला असता. आधी हा मार्ग बघावा, कारण दिवस तसाच ठेवून फक्त तास बदलून मागितला तर समोरच्याला फार काही हलवावं लागत नाही. इथे ते शक्य नव्हतं. एचआर मॅडम ज्यांना सर म्हणत होत्या ते कारखान्याचे डायरेक्टर प्रत्यक्ष भेटायचं म्हणत होते, आणि तेही मंगळवारी.

म्हणजे तारीख बदलून मागणं भाग होतं. रात्रीचे साडेदहा वाजले होते.

पहिला मसुदा, आणि त्यात काय बिघडलं होतं

पहिल्या झपाट्यात तिने लिहिलं ते असं:

> नमस्कार मॅडम, खूप खूप सॉरी, पण ऑफिसमध्ये अचानक अर्जंट काम आल्यामुळे मला मंगळवारी येणं जमणार नाही. आमच्याकडे स्टाफ कमी आहे आणि सर सुट्टी देत नाहीत. प्लीज मला दुसरी कोणतीही तारीख द्या, मी कधीही येऊ शकते. पुन्हा एकदा सॉरी.

असा मजकूर बहुतेक जण लिहितात. वाचायला नम्र वाटतो, पण एचआरच्या टेबलावर तो कसा वाचला जातो ते बघा.

"अचानक" हा शब्द सगळ्यात घातक. २० तारीख दर महिन्याला येते. अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखत देणारी व्यक्ती वीस तारखेला "अचानक" म्हणत असेल, तर दोनच अर्थ निघतात: एक, तिला आपल्या कामाचं वेळापत्रक माहीत नाही, दोन, खरं कारण वेगळंच आहे. दोन्ही वाईट.

"सर सुट्टी देत नाहीत" आणि "स्टाफ कमी आहे" ही वाक्यं आताच्या फर्मच्या आतल्या गोष्टी बाहेर सांगतात. आज ही आमच्यासमोर त्यांच्याबद्दल असं लिहिते, उद्या आमच्याबद्दल दुसरीकडे लिहील, असं एचआर उघड बोलून दाखवत नाही, पण नोंद होते.

आणि "मी कधीही येऊ शकते". आत्ताच तर म्हटलं की येता येत नाही! खरी अडचण पुढे आहे. एचआरने पुन्हा तारीख काढायची, डायरेक्टरला विचारायचं, उमेदवाराला विचारायचं, तिने नाही म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. "कोणतीही" या शब्दाने उमेदवाराने आपलं काम दुसऱ्याच्या अंगावर टाकलेलं असतं. दोन-तीन नेमक्या वेळा दिल्या तर एचआरचं काम डायरेक्टरला एक ओळ पाठवून एक उत्तर आणण्याएवढंच उरतं.

सबबींबद्दलही इथेच बोलून टाकू. आजारपण, गावाकडे कुणी गेलं, घरी पाहुणे, या सबबी देण्याचा मोह होतो, कारण त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. पण या प्रकरणात खरं कारण सबबीपेक्षा जास्त वजनदार आहे. कारखान्याचे अकाउंट्स हेडसुद्धा २० तारखेला त्याच पोर्टलसमोर बसलेले असणार. "३बीची तारीख आहे" हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. उलट, आजारी आहे असं सांगून ही बाई २० तारखेला दुपारी एखाद्या समाईक ओळखीच्या अशिलाकडे ओटीपी मागताना सापडली, तर तो विषय तिथेच संपतो. पुण्यातलं अकाउंट्सचं जग वाटतं तेवढं मोठं नाही.

तारखा निवडताना

नवी वेळ मागताना बहुतेकांची नजर लगेचच्या दुसऱ्या दिवसावर जाते. वीसला जमत नाही, मग एकवीस. इथे एकवीस ही सगळ्यात धोक्याची तारीख होती.

मुदती सरकतात. जानेवारी २०२५ मध्ये पोर्टल बिघडलं होतं, तेव्हा डिसेंबर २०२४ च्या ३बीची मुदत २० वरून २२ जानेवारी केली गेली. असं घडलं की उरलेले अशील आरामात २१ आणि २२ ला पैसे भरतात, आणि रिटर्न भरणाऱ्याचे ते दोन दिवस जातात. मुदतवाढ मिळाली नाही तरी २२ तारीख मोकळी नसते, कारण तिमाही भरणाऱ्या लहान करदात्यांच्या ३बीची महाराष्ट्रातली तारीख २२ आहे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ही तिमाही नुकतीच संपलेली. २१ मागून घेऊन मग पुन्हा "मॅडम, मुदत वाढली हो" म्हणून फोन करणं म्हणजे दुसऱ्यांदा वेळ बदलणं. पहिल्यांदा लोक समजून घेतात. दुसऱ्या वेळी यादीतलं पुढचं नाव काढतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

दुसऱ्या टोकाला ३१ जानेवारी. ऑक्टोबर-डिसेंबरच्या टीडीएस रिटर्नची ती शेवटची तारीख, म्हणजे २९ आणि ३० बाद. मधे २५ ला रविवार आणि २६ ला प्रजासत्ताक दिन. असं गाळत गेल्यावर हातात राहिले शुक्रवार २३, शनिवार २४, मंगळवार २७ आणि बुधवार २८.

शनिवारबद्दल तिने एक गृहीत धरलं, ते तपासायला हवं होतं. ऑफिसातल्या माणसाला वाटतं की शनिवारी कारखाना चालू आणि रविवारी बंद. औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुटी प्रत्येक कारखान्याची वेगळ्या वारी असू शकते. निमंत्रणाच्या मेलखाली एचआरच्या सहीत कधीकधी कामाचे वार लिहिलेले असतात, नसले तर फोनवर विचारायला अर्धं वाक्य पुरतं. इथे शनिवार चालणारा निघाला, ते नशीब.

मंगळवार २७ मात्र तिने विचारपूर्वक ठेवला. एचआर मॅडम गुरुवारच्या फोनवर म्हणाल्या होत्या, सर मंगळवारी प्लांटला असतात. ज्या माणसासाठी मुलाखत ठरते त्याचा वार लक्षात ठेवून वेळ दिली की काम निम्मं होतं. हे वाक्य तिने नीट ऐकलं नसतं, तर दिलेल्या तिन्ही वेळा वाया गेल्या असत्या.

तारखा पाठवण्याआधी रजेचा बंदोबस्त करणंही आलंच. आधी तारखा देऊन मग सरांकडे गेलं आणि त्यांनी नाही म्हटलं, तर पुन्हा तीच पंचाईत. पण तारीख ठरायच्या आधी रजा मागायची कशी? तिने शुक्रवारी सकाळी नऊला सरांना विचारलं: "सर, वीस-बावीसचं आटोपलं की पुढच्या आठवडाभरात मला एक दिवस रजा हवीय, घरचं काम आहे. कोणता दिवस ते सोमवारी सांगते." सर म्हणाले, "बावीसनंतर कधीही घे." मुदतीच्या आठवड्यात रजा मागणाऱ्याला जे उत्तर मिळालं असतं, त्यापेक्षा हे फार वेगळं. "घरचं काम" हे थोडं ताणलेलं आहे हे खरं. "वैयक्तिक काम आहे" म्हटलं असतं तर जास्त चांगलं, तेवढंच पुरतं आणि ते खोटंही नाही.

पाठवलेला मेल

मसुदा रात्रीच लिहिला होता, पण पाठवला नव्हता. जीमेलमध्ये `Schedule send` लावून सकाळी ९:४० ची वेळ दिली. रात्री अकराचा मेल सकाळच्या मेलांच्या खाली दबतो, आणि सकाळी एकदा वाचून बघायची संधी जाते. त्या संधीत तिने "सॉरी" दोनदा होतं ते एकदाच ठेवलं. मेल आपल्या खासगी खात्यावरून आणि आपल्या फोनवरून गेला. ऑफिसच्या लॅपटॉपवरून नाही. मुलाखतीचं निमंत्रण फर्मच्या कॅलेंडरमध्ये चुकून उघडलं, तर दुपारी तीन वाजता स्क्रीनवर कारखान्याच्या नावाची आठवण झळकते, आणि तेव्हा सर शेजारी उभे असतात.

अशा कंपन्यांशी पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीत होतो. इथे मराठीत देतो, क्रम तोच:

> विषय: मुलाखतीची वेळ बदलण्याची विनंती – सीनिअर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, मंगळवार २० जानेवारी, दु. ३
>
> नमस्कार मॅडम,
>
> मंगळवार, २० जानेवारीला दुपारी ३ वाजता ठरलेल्या मुलाखतीची वेळ बदलून मिळावी ही विनंती. त्या दिवशी जीएसटीआर-३बीची शेवटची तारीख आहे. माझ्याकडचे काही रिटर्न त्याच दिवशी दुपारनंतर भरले जातील, त्यामुळे मला प्लांटला येता येणार नाही. काल फोनवर हो म्हणण्याआधी मी तारीख बघायला हवी होती, त्याबद्दल क्षमस्व.
>
> पुढीलपैकी कोणत्याही वेळी मी प्रत्यक्ष येऊ शकते:
>
> शुक्रवार २३ जानेवारी – सकाळी ११ ते संध्याकाळी ५
> शनिवार २४ जानेवारी – सकाळी १० ते दुपारी २
> मंगळवार २७ जानेवारी – पूर्ण दिवस
>
> सर मंगळवारी प्लांटला असतात असं आपण म्हणाला होतात, म्हणून २७ तारीख दिली आहे. मी आज सकाळी अकराच्या सुमारास आपल्याला फोन करते.
>
> आपली,
> (नाव, मोबाइल क्रमांक)

यातल्या तीन गोष्टींकडे लक्ष वेधतो. विषयाच्या ओळीत जागा, वार, तारीख, वेळ सगळं आहे, कारण एचआरकडे त्या आठवड्यात एकच उमेदवार नसतो. कारण दोन वाक्यांत संपतं: किती रिटर्न, कोणते अशील, फर्ममध्ये कोण रजेवर, यातलं काहीही नाही. ती माहिती फर्मची आहे, तिची नाही. आणि चूक एका वाक्यात कबूल केली आहे. ते वाक्य नसतं, तर पुढच्या फोनवर जो प्रश्न आला, त्याला उत्तर देताना तिची धांदल उडाली असती.

फोन

मेल आधी आणि फोन नंतर, हा क्रम सकारण आहे. नुसता फोन केला तर एचआरला डायरेक्टरपुढे आपल्या शब्दांत सांगावं लागतं, आणि "३बीची मुदत आहे" याचं तिथे पोचेपर्यंत "कँडिडेटला जमत नाहीये" होतं. मेल असला की तो जसाच्या तसा पुढे जातो. नुसता मेल केला तर तो सोमवारपर्यंत उघडलाच जाणार नाही, अशीही शक्यता असते.

अकराला ती ऑफिसच्या खाली, झेरॉक्सच्या दुकानापाशी जाऊन बोलली.

"मॅडम, मी मंगळवारच्या इंटरव्ह्यूची उमेदवार. सकाळी मेल पाठवलाय, दोन मिनिटं आहेत का?"

"हो, बघितला आत्ता. अहो, पण वीस तारीख तर दर महिन्याला असते ना?"

"बरोबर आहे मॅडम. काल तारीख न बघता हो म्हटलं, ती चूक माझी. मेलमध्ये तीन वेळा दिल्यात, त्यातली कोणतीही चालेल."

"सरांना विचारावं लागेल. ते मंगळवारीच असतात."

"म्हणूनच सत्तावीस ठेवलीय मॅडम."

"बरं, बघते. कळवते तुम्हाला."

सव्वा मिनिटात फोन संपला. "दर महिन्याला असते ना" या प्रश्नावर पोर्टलच्या तक्रारी, अशील कसे उशिरा पैसे भरतात, हे सांगायचा मोह टाळला, हे महत्त्वाचं. एचआरला कामाचं स्पष्टीकरण नको असतं. ती बघत असते की समोरची व्यक्ती चिडते, गडबडते की सरळ उत्तर देते.

राहून गेलेला माणूस

दुपारी दीडला दुसराच फोन आला. या जागेसाठी उमेदवाराचं नाव एका कन्सल्टन्सीमार्फत गेलं होतं. निमंत्रण थेट एचआरकडून आलं, म्हणून कन्सल्टंटला सीसीमध्ये ठेवायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. त्याला ही गोष्ट कारखान्याकडून कळली. "मॅडम, मला आधी सांगायचं ना. त्यांनी मला विचारलं, तुमचा कँडिडेट येणार आहे की नाही, आणि मला काहीच माहीत नाही."

त्याचा राग अनाठायी नव्हता. कन्सल्टंटची फी उमेदवार रुजू झाल्यावर मिळते आणि मधल्या काळात उमेदवाराच्या वागण्याची हमी तोच देत असतो. नियम साधा आहे: निमंत्रण ज्याने पाठवलं त्याला लिहायचं, आणि ओळख ज्याने करून दिली त्याला सीसीमध्ये ठेवायचं. निमंत्रणच कन्सल्टंटने पाठवलं असेल, तर थेट कंपनीला लिहू नये. त्याला लिहावं, आणि "हा मेल असाच पुढे पाठवाल का" एवढं विचारावं, म्हणजे शब्द बदलत नाहीत. इथे तिने माफी मागून मेल त्याला पाठवला आणि प्रकरण निवळलं. कन्सल्टंटनेच संध्याकाळी डायरेक्टरच्या सेक्रेटरीला एक फोन केला असावा असं पुढच्या घडामोडींवरून वाटतं.

शनिवार ते सोमवार: काहीच उत्तर नाही

अशा प्रकरणात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मेल गेला, फोन झाला, "कळवते" म्हटलं गेलं, आणि मग शांतता. शनिवार गेला, रविवार गेला. उमेदवाराच्या मते वेळ बदललेली, एचआरच्या डोक्यात "सरांना विचारायचं आहे", आणि डायरेक्टरच्या कॅलेंडरमध्ये मंगळवारी तीन वाजता अजून तिचंच नाव. गेट पाससुद्धा तयार होतो. मग मंगळवारी सव्वातीनला फोन येतो, "कुठे आहात?" कागदावर उमेदवाराची बाजू बरोबर असते, तरी नोंद "आली नाही" अशी होते.

म्हणून सोमवारी सकाळी अकराला तिने व्हॉट्सॲपवर एकच संदेश पाठवला: "नमस्कार मॅडम, उद्या मंगळवार २० तारखेची दुपारी ३ ची मुलाखत रद्द झाली आहे असं धरू ना? नवी वेळ ठरली नसेल तरी हरकत नाही, फक्त उद्याबद्दल कळवाल का." नव्या तारखेसाठी पाठपुरावा करण्यापेक्षा जुनी तारीख मोकळी करून घेणं जास्त निकडीचं होतं, आणि तेच तिने विचारलं. हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असा प्रश्न असला की लोक उभ्या उभ्याही उत्तर देतात. वीस मिनिटांत आलं: "अहो हो, सॉरी, सांगायचं राहिलं. २७ ला ११:३०, सर असतील."

यावर तिने मेलच्या त्याच साखळीत, कन्सल्टंटला सीसीत ठेवून, एक ओळ लिहिली: मंगळवार २७ जानेवारी, सकाळी ११:३०, प्लांटला प्रत्यक्ष, नक्की येते. वार आणि तारीख दोन्ही, कारण सुट्ट्यांच्या आठवड्यात "पुढचा मंगळवार" म्हणजे कोणता, यावरून हमखास घोळ होतो.

जुनं कॅलेंडर निमंत्रण तिने त्यानंतरच नाकारलं. शुक्रवारीच त्यावर `No` दाबलं असतं, तर एचआरला आपोआप "नाकारलं" असा मेल गेला असता आणि तो, सोबतचं स्पष्टीकरण न वाचता, माघार म्हणून धरला जाण्याचा धोका होता. गूगल कॅलेंडरमध्ये `Propose a new time` हा पर्याय असतो. तो मेलच्या जोडीला वापरायला ठीक आहे, मेलच्या जागी नाही. नुसतं बटण दाबून वेळ सुचवलेला उमेदवार तुसडा वाटतो.

नाही म्हटलं असतं तर

असं होतं. डायरेक्टर महिनाभर परदेशी जाणार असतात, किंवा दुसरा उमेदवार पक्का होत आलेला असतो. या उत्तरासाठी आपली मर्यादा फोन करण्याआधी ठरवलेली बरी, फोनवर असताना नाही. उमेदवाराने ठरवलं होतं ते असं: पहिल्यांदा, वीस तारखेला सकाळी साडेआठ वाजता अकाउंट्स हेडशी अर्धा तास व्हिडिओवर बोलायची तयारी दाखवायची, आणि डायरेक्टरची भेट नंतर. मुलाखतीचे दोन तुकडे करता येतात, हे बऱ्याचदा कंपनीच्याही लक्षात आलेलं नसतं. तेही जमत नसेल तर ही जागा सोडायची. चार कंपन्यांच्या टोकनसह फर्मला वाऱ्यावर सोडून जायचं नाही.

हा निर्णय प्रत्येकाचा वेगळा असेल. कुणाच्या बाबतीत आड येणारं काम सहकारी सांभाळू शकतो, कुणाला आताची नोकरी तशीही पंधरा दिवसांत संपणार असते. मात्र होकार तसाच ठेवून न जाणं हा पर्याय कुठेच बसत नाही. न कळवता गैरहजर राहिलेल्यांची नोंद कन्सल्टन्सीकडे राहू शकते आणि ती इतर कंपन्यांच्या जागांसाठीही आड येऊ शकते.

२७ तारीख

ती अकराला पाच मिनिटं असताना गेटवर पोचली. अकाउंट्स हेडचा पहिला प्रश्न अपेक्षित होता: "मग, वीसला किती भरले?" तिने सांगितलं, शेवटच्या दिवशी तेरा होते, नऊ ओटीपीवर, चार डीएससीवर, साडेसातला संपले. अशिलांची नावं विचारली गेली नाहीत, विचारली असती तरी सांगायची नव्हती. डायरेक्टरांनी तो विषय काढलाच नाही.

शुक्रवार ३० तारखेला एचआरचा फोन आला, पगाराबद्दल बोलायला. "शुक्रवारी सहा तारखेला सकाळी अकराला या, जमेल?" ती टीडीएस रिटर्नच्या ढिगात बसली होती. सहाच्या दुसऱ्या दिवशी सात तारीख, टीडीएस भरायची.

"मॅडम, दहा मिनिटांत बघून कळवते."

आठव्या मिनिटाला तिने उत्तर पाठवलं: शुक्रवार ६ फेब्रुवारी, संध्याकाळी साडेसहा, व्हिडिओवर चालेल का? पलीकडून अंगठा आला.